पळी लहान झाली

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं वरण शिजवणाऱ्या प्रेमलाबाईंनी मुख्य स्वयंपाकिणीच्या परीक्षेचा फॉर्म भरला खरा, पण गणिताच्या नावानं त्यांना धडकी भरे. रुआबांधा वस्तीतल्या घरी लेक उत्कर्षा त्यांची तयारी करून घेत होती.

“हे बघ आई, ठरलेल्या पाककृतीत पन्नास जणांना प्रत्येकी दीडशे मिलिलिटर वरण आहे, त्याला डाळ दोन किलो. आता चारशे जणांना एकशेवीस मिलिलिटर द्यायचं. चारशे म्हणजे आठपट. डाळ सोळा किलो.”

प्रेमलाबाई घुटमळल्या. “पोरी, सोळा किलोचं वरण उरंल ना. पळी लहान झाली न आता.”

उत्कर्षानं गणित पुन्हा वाचलं. आधीचं वरण साडेसात लिटर, आताचं अठ्ठेचाळीस. म्हणजे आठपट नाही, सहा दशांश चार पट. डाळ बारा किलो आठशे ग्रॅम.

“आई, मीच चुकली वो!”

“मंग मले गणित येते का?” त्यांनी हळूच विचारलं.

“येते ना. रोज तेच तर करून राहिली तू.”

प्रेमलाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि पुढचं गणित स्वतः वाचायला घेतलं.

महिन्यानं निकाल लागला. उत्तीर्णांच्या यादीतलं आईचं नाव उत्कर्षानं मोठ्यानं दोनदा वाचलं.