गोठ्यातलं रबर

वरच्या फ्लॅटमधली धपधप बंद झाली, आणि पद्मावतीला जेवण गोड लागेनासं झालं.

तक्रार तिनेच केली होती. डिचोलीतल्या त्या इमारतीत विनोदिनी राहायला आल्यापासून रोज सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायचा आणि लगेच वरून उड्या सुरू. कशाच्या ते पद्मावतीला कळायला वेळ लागला नाही. बसफुगडीच्या! उकिडवं बसून, एकेक पाय पुढे फेकत नाचायची ती फुगडी. गणेशचवथीच्या स्पर्धेत त्यांच्या मंडळातर्फे शेवटची बसफुगडी बारा वर्षं पद्मावतीच घालत होती. आणि ही मांद्रे गावची, काल आलेली, तिच्याच डोक्यावर बसून तिची जागा घ्यायची तयारी करत होती.

"नाचायचं तर नाच गे बाय, पण माझ्या माथ्यावर नको," असं ती वर जाऊन सुनावून आली होती. विनोदिनीने कान पकडले. "चुकलाच माझा, वयनी."

दुसऱ्या दिवसापासून चिडीचूप. पद्मावतीने मनात पेढे वाटले. पण पुढच्या दोन रविवारी देवळाच्या सभागृहात सराव झाला, तेव्हा विनोदिनी पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ टिकली. घरात उडी नाही, आवाज नाही, मग ही तयारी कुठे करतेय? पद्मावती न्हाणीघराच्या जनेलाला, खिडकीच्या गजांना, कान लावून उभी राहू लागली. वरून यायची ती नुसती फुंकर. "फू…" बराच वेळ काही नाही. पुन्हा "फू…"

शेवटी हळदीच्या पानात वाफवलेल्या दोन पातोळ्या ताटलीत झाकून ती वर गेली. दार उघडंच होतं.

विनोदिनी एका जाड काळ्या रबरावर उभी होती, वर पातळ चटई. ती खाली बसत होती, पण कशी? भरती ओसरावी तशी. तळाला थांबली. मग "फू" करत उठली.

"हे काय गे?"

"व्यायाम. उडी कित्याक व्हयी, वयनी? खाली जाताना चार मोजायचे, तळाक दोन थांबायचा, मगे उठायचा. सावकाश गेला की मांडयेक पळवाट गावना. पाय मागे टाकतानाय टाच आपटायची नाय, बोटांवर टेकायचा. उड्या आयतवारी, सभागृहात."

"आणि हे रबर?"

"भावाचा. सर्वण गावाक गायी आसत ना त्याच्या, त्यांच्या पायांखाली गोठ्यात घालतत, त्यातला उरलेला. नवाच हा!"

"गोठ्यातलं!" पद्मावती हसली, मनापासून नव्हे. "करून बघू?"

पाचव्या खेपेला तिच्या मांड्या पातोळीच्या पानासारख्या थरथरायला लागल्या. "गॅसवर भात आहे," म्हणत ती जिना उतरली. भात सकाळीच झाला होता.

घरी तिने दार लावलं. रबर नाही तर नाही. आजेसासूची गोधडी चौपदरी घातली आणि विनोदिनीच्या दुप्पट करायच्या ईर्ष्येने बसायला लागली. चार, दोन, वर. चार, दोन… नवव्या खेपेला लादीवरून गोधडी सरकली आणि पद्मावती ढुंगणावर आदळली. जनेलाची तावदानं हलली.

खालचे कृष्णनाथबाब, निवृत्त मास्तर, बनियनवरच वर आले. "पद्मावतीबाय, नारळ पाडताय की माड?"

मागून विनोदिनी उतरली. तिने गोधडीकडे पाहिलं, वर गेली आणि रबराचा अर्धा तुकडा काखेत घेऊन आली. "कापडाची घडी लादयेर सरकता, वयनी. आवाजय अडना. जड व्हया." पद्मावतीला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आयतवारी निवड झाली. मंडळाच्या यशोदाकाकींनी दोघींना समोरासमोर बसवलं. पद्मावतीचे पाय खणखणीत वाजत होते, बारा वर्षं वाजत आले तसे. विनोदिनीचे पाय जमिनीला सांगून टेकत होते. पद्मावतीचा श्वास संपला. समोरची "फू" चालूच होती.

"यंदा शेवटची विनोदिनीची," यशोदाकाकी म्हणाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पद्मावतीनेही वाजवल्या, एक ठोका उशिरा.

दुसऱ्या दिवशी पोदेर येऊन गेला. पद्मावती आपल्या अर्ध्या रबरावर उभी राहिली. चार मोजताना तिचा ताल पळायचा. तीनलाच ढुंगण तळाशी. जनेलाला कान लावला. वरून फुंकर, बस्स. आकडा एकही नाही.

ती तरातरा जिना चढली. विनोदिनीने दार उघडलं आणि घाबरून पायांकडे पाहिलं. "आवाज इलो, वयनी?"

"येत नाही, तीच तक्रार आहे," पद्मावती म्हणाली. "न्हाणीघराच्या जनेलापाशी उभी राहून मोठ्याने मोज. मला खाली ऐकू आलं पाहिजे."

"तुमका कशाक?"

"पुढल्या चवथीला तुला हरवायचंय म्हणून. आणि चार म्हणजे पुरते चार मोज हां, लबाडी नको."