कारण मोघम आहे

नौपाड्यातल्या घरात हरिहर सकाळपासून एकच ईमेल लिहीत होते. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत त्यांनी लोकांचे अर्ज "कारण मोघम आहे" असा शेरा मारून परत पाठवले होते. आता त्यांच्यावरच वेळ आली होती.

त्यांनी आणि चित्राने विवाह अधिकाऱ्यांकडे चार मार्चला लग्नाची नोटीस दिली होती. बावीस मेची वेळ मिळाली. डोंबिवलीहून चित्रा तीन साक्षीदारांना घेऊन गेली, दोन तास थांबली, आणि नवरदेव आलेच नाहीत. छातीत कळ आली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. नोटीस तीन जूनपर्यंतच चालणार होती. ती गेली की नवी नोटीस, पुन्हा महिनाभराची वाट. एवढं झाल्यावर चित्रा पुन्हा सही करेल का, या विचाराने त्यांचा चहा तसाच निवला होता.

त्यांनी तिला फोन लावून मजकूर वाचून दाखवला. "नोटीस क्रमांक अमुक. बावीस मे रोजी प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी उपस्थित राहू शकलो नाही. मुदत तीन जूनला संपत असल्याने त्याआधीची लवकरात लवकरची वेळ द्यावी, ही विनंती."

"छान आहे," चित्रा म्हणाली. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा म्हणजे झालं."

हरिहरांच्या मनात आलं, सर्टिफिकेट असतं तर ना!

"चित्रा, मला काही झालं नव्हतं. मी कचेरीच्या फाटकापर्यंत आलो होतो. चौसष्टाव्या वर्षी हे काय चाललंय, लोक काय म्हणतील, असं वाटलं आणि पाय मागे फिरले. समोरच्या बागेत बसून राहिलो. मी घाबरलो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, संपलं सगळं.

"मी चार दिवस तुमच्यासाठी बिनमिठाचं करून पाठवतेय," ती म्हणाली. "लवकरात लवकर, हे तरी खरं लिहिलंय का?"

"ते अगदी खरं आहे."

"मग प्रकृती खोडा. वैयक्तिक कारण लिहा."

"कारण मोघम आहे," ते सवयीने पुटपुटले.

"असू दे, खरं तरी आहे. आणि खाली माझं नाव आधी घाला. मी वेळेवर आले होते."

त्यांनी तसंच करून ईमेल पाठवला. दोन दिवस ते दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: एक जून, सकाळी साडेअकरा, मूळ कागदपत्रं आणि तीन साक्षीदारांसह दोघांनी हजर राहावं.

"दहाला रिक्षा घेऊन तुमच्या दारात येते," चित्राने कळवलं. "या वेळी एकट्याने यायचं नाही."

एक जूनला हरिहर नऊ वाजताच खाली येऊन उभे राहिले.