विलायतेची दवंडी

लातूरच्या रामलिंग पंचाक्षरींचं पत्र साहेबरावांच्या टेबलावर गेल्या दिवाळीपासून पडून होतं, उत्तराविना. पत्र साधं होतं. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल कशी करावी, औषधं कशी द्यावीत, याची एक छोटी इंग्रजी पुस्तिका पंचाक्षरींना छापायची होती. "तुम्ही ती मराठीत कराल का? खेड्यातल्या बायांना वाचता यावी अशी," एवढंच त्यांनी विचारलं होतं.

साहेबराव नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायची सवय गेली नव्हती. त्यांनी उत्तराचे कितीतरी मसुदे केले. 'मला बहुधा जमणार नाही, पण कदाचित...' इथवर आले की पेन थांबायचं. चुकीचं औषध कुणाच्या पोटात गेलं तर? मसुदा फाटायचा, पत्र पुन्हा चष्म्याच्या डबीखाली जायचं.

अशा माणसावर भाचीने विलायतेचे मेल सोपवले.

भाची बुद्धप्रिया इंग्लंडात लीड्सला नर्स होती. एप्रिलच्या सुरुवातीला तिचं पहिलं बाळंतपण. तिची आई, साहेबरावांची धाकटी बहीण सिंधु, जाणारच होती, तिचा व्हिसा मागच्या वर्षीच झाला होता. पण पंच्याऐंशी वर्षांची आजी, साहेबराव-सिंधुची आई धुरपताबाई, हट्टाला पेटली. "पणतू माझ्या मांडीवर न्हाऊन निघाला पायजे. तिथल्या नर्सा पोराला कागदानं पुसत्यात म्हनं." त्या आजीनेच बुद्धप्रियाला लातुरात शिकवून मोठं केलं होतं. नाही कोण म्हणणार? बुद्धप्रियाने ऑनलाइन अर्ज भरला आणि मेलचा पत्ता मामाचा दिला. "मामा, मेल तुमच्याकडं येतील. आजीला मराठीत सांगा. मला ड्यूटीतून सवड नाही."

पहिला मेल आला. बुधवार, बारा फेब्रुवारी, सकाळी साडेदहा, हैदराबादचं व्हिसा केंद्र. साहेबरावांनी दोन दिवस शब्दकोश काढून त्याचं भाषांतर केलं आणि लातूरला पाठवून दिलं. चार पानं. 'पारपत्र', 'नियोजित भेटीचे पुष्टिपत्र', 'आपणास विनम्र विनंती करण्यात येते की'.

धुरपताबाईंनी प्रौढशिक्षणाच्या वर्गात अक्षर ओळखलेलं. त्या बोट ठेवून वाचायच्या. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"सायबा, हे पारपत्र म्हंजे काय रे? सापाचं काय हाय का?"

"पासपोर्ट, माय."

"मंग पासपोट म्हन की! घरातल्या माणसाला काय संस्कृत शिकवून राहिलास?"

सिंधु मागून हसली. साहेबरावही हसले, पण कान तापले. दुरुस्त करून पाठवतो म्हणाले आणि करायचं राहूनच गेलं. बाकी तयारी तर झाली होती. बँकेचे कागद, बुद्धप्रियाचं बोलावण्याचं पत्र, तिच्या पगाराच्या पावत्या, सगळं तिने तिकडूनच अपलोड केलं होतं. लातूरच्या घराची मराठी कर पावती नांदेडच्या एका अनुवादकाकडून इंग्रजीत करून घेतली होती. खाली त्याचं नाव, सही, तारीख, पत्ता आणि 'हे भाषांतर मूळ कागदाशी जुळते' असं लिहून. ती सही बघताना साहेबरावांना त्या माणसाचा हेवा वाटला. एवढ्या ठाम वाक्याखाली सही करायची आपली छाती झाली असती का?

रविवारी दुपारी सिंधुचा फोन आला.

"दादा, एक इचारायचं हाय. शेजारच्या शिवानीचं आज लगीन. काल पोरींनी आईच्या बोटाला मेंदी लावली."

"बरं मग?"

"त्या कागदाच्या शेवटी काहीतरी मेंदीचं हाय ना?"

साहेबराव उभे राहिले. जुन्या बायांना हातावर नक्षी नको असते; त्या बोटांची टोकंच भरून घेतात, पेरापर्यंत, गच्च. त्यांनी मेल उघडला. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं: बोटांचे ठसे घेतले जातील, बोटांच्या टोकांवर मेंदी, जखम किंवा कसली खूण असता कामा नये. असता कामा नये. मग त्यांनी आपलं भाषांतर काढलं. चौथ्या पानावर, तळाला: 'शक्यतो बोटांवर मेंदी नसावी.'

हे 'शक्यतो' कुठून आलं? मेलमध्ये तर ते नव्हतंच. त्यांना आठवलं. आईला 'लावू नकोस' असं लिहिताना हात अडखळला होता. आजवर त्यांनी माउलीला कधी हुकूम केला नव्हता. हुकूम पुसून विनंती केली, विनंती पुसून 'शक्यतो' केलं. नम्रपणाच्या नादात गोष्टच नाहीशी केली होती.

"पुसून जाईल का?" सिंधुने विचारलं.

"माय काय म्हणते?"

फोनवर धुरपताबाई आल्या. "मी वाचलं व्हतं. पन तू 'शक्यतो' लिवलंस. आता पोरी एवढ्या हौसंनं बसल्या, शक्य न्हाई झालं. मी म्हनलं, विलायतवाल्यांना चालत असंल."

हे ऐकून साहेबरावांना रागही येईना. बाईने कागदाबरहुकूमच केलं होतं.

मेंदी तीन दिवसांत जाणार नव्हती. ठसे उमटले नाहीत तर सगळी खेप फुकट. मेलमध्ये आणखी एक ओळ होती: भेटीची वेळ बदलायची असेल, तर ठरल्या वेळेच्या चोवीस तास आधी. म्हणजे मंगळवारी सकाळी साडेदहाच्या आत. त्यांनी बुद्धप्रियाला फोन लावला.

"मामा, बदला ना तुम्हीच. लॉगिन तुमच्याकडं आहे."

"मी? चुकीचं बटण दाबलं तर अर्जच रद्द होईल."

"रद्द करायचं बटण वेगळं आहे, बदलायचं वेगळं. दोन्हीवर नाव लिहिलंय. मामा, तुम्ही आयुष्यभर पुस्तकांवर नावं चिकटवलीत!"

साहेबराव खुर्चीत बसले. बटणावरचं नाव तीनदा वाचलं आणि दाबलं. पडद्यावर तारखा उघडल्या. मंगळवार, पंचवीस फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. तोवर बोटं निवळतील. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे मार्चचा मध्य उलटेल. बाळ एप्रिलच्या सुरुवातीला. बसतंय. कसंबसं, पण बसतंय. त्यांनी तारीख निवडली आणि लगेच नवीन पत्र मेलवर आलं.

दुसऱ्या दिवशी ते नव्या पत्राची प्रत घेऊन लातूरच्या बसमध्ये बसले. घरी पोचताच आईने दोन्ही हात पुढे केले. बोटं तांबूस, जणू दहा बोरं. "बघ, किती रंगली. शिवानीची सासू म्हनली, आजीवर लई जीव हाय कुनाचा तरी."

"आहे, म्हणूनच तर तारीख बदलली," साहेबराव म्हणाले. मग खाली बसून त्यांनी नवं पान काढलं. "माय, तूच सांग. कसं लिहू?"

धुरपताबाई म्हणाल्या, "तुझा आजा गावात दवंडी द्यायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यानं ते काम टाकलं, बरंच केलं, दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं कशाला. पन त्याची दवंडी मी ऐकल्याली हाय. 'ऐका हो ऐका! उद्याला सकाळी, चावडीपाशी, लस टोचनार. लेकरं आणा! उपाशी आणू नका!' कोन, कवा, कुठं, काय आणायचं, काय न्हाई. त्यात शक्यतो कुठं व्हतं? ते म्हनला असता तर गावची निम्मी लेकरं घरीच राहिली असती."

"पण तुला हुकूम कसा करू?"

"हुकूम तुझा हाय का? हुकूम विलायतवाल्याचा. तू नुसती दवंडी दे."

सिंधु हसत चहा घेऊन आली. "दादा, आधी हलगी वाजव."

साहेबरावांनी लिहिलं. मोठं अक्षर, एक पान.

'कधी: मंगळवार, २५ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. (आधीची १२ तारीख रद्द. जुनं पत्र फाडून टाक.)
कुठं: हैदराबाद, व्हिसा केंद्र.
आणायचंच: पासपोर्ट, हाच, आताचा. नवं भेटीचं पत्र, छापलेलं.
असला तर आण: जुना पासपोर्ट. (तुझ्याकडे नाही. विचारलं तर 'नाही' सांग.)
नाही आणायचं: मोबाइल आणि मोठी पिशवी सिंधुपाशी ठेव.
बोटं: मेंदी नको. जखम नको. भाजी चिरताना सांभाळ.
बाकी सगळे कागद आधीच पोचले आहेत. आता नवा कागद चालणार नाही.'

'पासपोर्ट', 'व्हिसा' हे शब्द त्यांनी मेलमध्ये होते तसेच ठेवले, खिडकीवरचा माणूस विचारेल ते शब्द ओळखीचे वाटावेत म्हणून. लिहून झाल्यावर मेल समोर ठेवून त्यांनी ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग धुरपताबाईंनी बोट ठेवून वाचलं, एकदाही न अडता.

"हे बरंय. यात तू कुठं दिसंना. नुसतं काम दिसतंय."

साहेबरावांना एवढी मोठी पावती कुणी दिली नव्हती.

पंचवीस तारखेला हैदराबादच्या व्हिसा केंद्राच्या दारात पहारेकऱ्याने हात आडवा केला. आत फक्त अर्जदार. साहेबराव काकुळतीला आले. "वयस्कर बाई आहे, इंग्रजी येत नाही." धुरपताबाईंनी त्यांना बाजूला सारलं, पदरातून पान काढलं, पासपोर्ट आणि नवं पत्र काढलं आणि ठणठणीत दखनीत म्हणाल्या, "बेटा, मेरेकू सब मालूम. पहले कौनसा दिखाना, वो बोल." निजामाच्या राजवटीत जन्मलेली बाई, ती हैदराबादेत काय हरवणार?

बाहेर बाकावर साहेबराव आणि सिंधु बसले. साहेबरावांनी नखं खाल्ली नाहीत, एवढंच. काही वेळाने आई आली, तोंडभर हसत.

"बोटं दाबून दाबून घेतली. एक उमटंना, तर ती पोरगी म्हनली, 'अम्मा, फिरसे.' घेतलं. मंग म्हनली, मेंदी नहीं लगाई, अच्छा किया. मी म्हनलं, लगाई थी, मेरे बेटेने छुडाई."

तीन आठवड्यांत पासपोर्ट कुरियरने लातूरला आला, व्हिसा चिकटवून. धुरपताबाई आणि सिंधु मार्चअखेर विमानात बसल्या. लीड्सहून फोटो आला: मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पणती, आणि पणजीची बोटं, ओली, पांढरी.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन साहेबरावांनी टेबलावरची चष्म्याची डबी उचलली. खालचं पत्र काढलं. एक पोस्टकार्ड घेतलं. मसुदा केला नाही.

'रामलिंगअप्पा, उशीर झाला, माफ करा. पुस्तिका मराठीत करून देतो. सोमवार, ३० जून रोजी हस्तलिखित तुमच्या हाती असेल. औषधांची पानं एका डॉक्टरांकडून तपासून घेईन. इंग्रजी प्रत पाठवा. साहेबराव.'

पुन्हा एकदा वाचलं. 'शक्यतो' कुठेच नव्हतं. चप्पल घालून ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेले, कार्ड फटीत घातलं, आणि ते तळाला पडल्याचा आवाज ऐकून घरी परतले.