ऐकण्यापुरता शब्द

संस्थेत तिला तोंडावर ‘ताई’ आणि पाठीमागे ‘कोशबाई’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. परक्या मुलखातून इथे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला येणाऱ्या बायकांना इथली भाषा शिकवायची, तर कुठला शब्द आधी आणि कुठला नंतर, हे ठरवायचं तिचं काम. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं? घ्यायचे चार शब्द आणि शिकवायचे. असं कुणी म्हटलं की कोशबाईच्या कपाळावर आठी चढायची.

कारण तिच्या आधीच्या माणसाने तेच केलं होतं. त्याने वर्तमानपत्रांतले शब्द मोजले, जास्त वेळा आलेले वर घातले आणि पुस्तक छापलं. ‘सरकार’, ‘बैठक’, ‘आरोप’ पहिल्याच धड्यांत. म्हणजे बाई आजोबांना मंत्रिमंडळ कसं कोसळलं ते सांगू शकली असती, पण बेडपॅन कुठे ठेवलंय ते विचारू शकली नसती.

कोशबाईने ते पुस्तक मोडीत काढलं. जिथे म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका आहेत अशा घरांत घरच्यांच्या परवानगीने रेकॉर्डर ठेवले, तिथलं बोलणं उतरवून घेतलं आणि मोजलं. नुसतं मोजूनही तिचं समाधान होईना. एका घरात मांजराचं नाव इतक्या वेळा आलं होतं की ते ‘पाणी’च्या वर जाऊन बसलं, मग तिने नियम केला, शब्द पुष्कळ घरांत आला तरच वर चढेल. आणि ‘आग’सारखे शब्द? घरात ते क्वचितच कानावर पडतात, पण ज्या दिवशी लागतात त्या दिवशी दुसरं काही चालत नाही. म्हणून तिने घरोघरच्या लोकांना प्रत्येक शब्दाच्या गरजेचे गुण द्यायला सांगितले आणि मोजणी व गुण यांची सांगड घातली. शेवटी शब्दांचे दोन रकाने केले. काही शब्द नुसते ऐकून कळले तरी पुरे, ते ‘ऐकायचे’. काही तोंडातून यायलाच हवेत, ते ‘बोलायचे’. बोलायला शिकणं जड जातं, म्हणून तो रकाना आटोपशीर ठेवलेला. उलट अर्थाच्या शब्दांची जोडी एकाच धड्यात शिकवली की शिकणारा गोंधळतो, हेही तिला माहीत होतं. म्हणून ‘चालेल’ पहिल्या भागात बोलायला घातला, आणि ‘नको’ पहिल्या भागात ऐकण्यापुरता ठेवून बोलायला दुसऱ्या भागात ढकलला.

पहिला भाग संपला की बायका कामावर जात. दुसरा भाग पुढे सुट्टीच्या दिवशी शिकायचा, असं कागदावर होतं. सुट्टीचा दिवस कुणाला मिळतो का, हे कुणी विचारायला गेलं नव्हतं.

पहिल्या वर्गातली एक बाई कोशबाईने आपल्याच घरी आणली. कोशबाईच्या आईला झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती. आईचे बरेचसे शब्दही त्या झटक्यात गेले. उरले होते ते ‘पाणी’, ‘आलीस?’ आणि ‘नको’. नवी बाई तुटक, छोटे शब्द बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. अंगाने चिमणीच, पण आईसारख्या भरल्या अंगाच्या बाईला उचलून खुर्चीत बसवायची. आईने ‘नको’ म्हटलं की हात जिथल्या तिथे थांबायचा. कोशबाई ते पाहायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. ऐकायचा शब्द कसा पक्का बसलाय!

“रात्री आईच्या खोलीत झोपशील ना?”

“चालेल.”

“या रविवारी मला काम आहे गं. थांबशील?”

“चालेल.”

संस्थेत जाऊन ती सांगायची, “आमची चिमणी बघा! कुठेही अडत नाही.” साहेब, म्हणजे संस्थेचे संचालक, मान डोलवायचे. पुस्तकाची मोठी आवृत्ती छापायला जायची होती. पुढच्या वर्गात कितीतरी बायका येणार होत्या, आणि त्या हेच पुस्तक शिकून घराघरांत जाणार होत्या.

मग ती सकाळ आली. कोशबाई फोन कानाला लावून आईच्या खोलीच्या दारात उभी होती. एका हाताने फोन झाकत म्हणाली, “आईला खुर्चीत बसव तेवढं. एकटीने जमेल ना?”

“चालेल,” चिमणी म्हणाली.

आईला उचलताना चिमणीचा उजवा हात दगा देऊन गेला. आई घसरली, पण चिमणीने स्वतःला खाली झोकून दिलं आणि म्हातारी तिच्या अंगावर पडली. कोशबाईने फोन टाकला. जिन्यात धावत जाऊन तिने खाली हाक मारली.

खालच्या मजल्यावर दवाखाना होता. डॉक्टरीणबाई धावत वर आल्या. त्यांनी आईला नीट तपासलं. साधं खरचटलंही नव्हतं. मग त्यांची नजर चिमणीच्या मनगटावर गेली. ते दंडासारखं सुजलं होतं.

“कुठे दुखतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आजींना,” चिमणी चटकन म्हणाली.

“आजी ठणठणीत आहेत. तुला कुठे दुखतंय?”

चिमणीने एकदा त्यांच्याकडे, एकदा कोशबाईकडे पाहिलं. परीक्षेत धड्याबाहेरचा प्रश्न आला की मुलांचं होतं तसं तिचं झालं. “आजींना,” ती पुन्हा म्हणाली. आणि मग, काहीतरी चुकतंय असं वाटून, “चालेल. मी चालेल.”

कोशबाईला तो धडा तोंडपाठ होता. तिनेच लिहिला होता. कुणाला दुखतंय? आजींना दुखतंय. आजोबांना दुखतंय. त्या धड्यात सांभाळणाऱ्या बाईला कधीच काही दुखलं नव्हतं.

“हे आजचं नाही हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जुनं आहे. हाड मोडलंय बहुतेक, आणि ही त्याच हाताने काम करत राहिलीये. तुमच्या लक्षात नाही आलं?”

लक्षात आलं होतं की! तेच तर. काही दिवसांपूर्वी चिमणी सूपची वाटी डाव्या हाताने नेताना दिसली, तेव्हा ‘डावखुरी आहे वाटतं’ असं कोशबाईने मनाशी म्हटलं होतं. आणि त्याच सुमाराला एका दुपारी चिमणी तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती, मनगट पुढे करून. “ताई. हात. मला हात...” कोशबाई शब्दांना गुण मांडत होती. मान वर न करता म्हणाली, “हातमोजे. हातमोजे हवेत, असं म्हणायचं.” आणि खणातून हातमोज्यांचं नवं पाकीट काढून दिलं होतं. चिमणी ते घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग ‘चालेल’ म्हणून गेली.

डॉक्टरीणबाई हात बांधायला लागल्या तशी चिमणीने दात आवळले. आवाज केला तो पलंगावरच्या आईने. “नको,” आई म्हणाली. तिची नजर चिमणीच्या हातावर होती. “नको, नको, नको.” कोशबाईला तिथे उभं राहवेना. धरणीने पोटात घ्यावं असं झालं तिला.

हाताला प्लास्टर बसलं. कोशबाईने रजा टाकली आणि आईचं सगळं स्वतः करू लागली. पहिल्याच दिवशी कंबर धरली, तेव्हा ‘कंबर’ हा शब्दही आपण आजींच्याच वाक्यात घातलाय, हे आठवलं. दुपारी आई झोपल्यावर तिने गुणांचे कागद काढले. घरच्यांना विचारलेला प्रश्न तिनेच रचला होता : बाईला हा शब्द बोलता आला नाही, तर तुमचं किती अडेल? ‘आणते’ला भरपूर गुण. ‘झालं’ला भरपूर. ‘नको’ला जवळजवळ सगळ्यांनी शून्य. आणि का देऊ नये? बाईने ‘नको’ म्हटलं नाही म्हणून कुणाचं काय अडणार होतं? त्या गठ्ठ्यात कोशबाईचाही कागद होता. तिच्याही घरी आजारी आई होती ना. तिनेही शून्यच दिलं होतं, सुबक अक्षरात.

जोडीतला एक शब्द मागे ठेवायचा, हा नियम खोटा नव्हता. पण मागे कोणता ठेवायचा, हे नियम सांगत नाही. ते तिने ठरवलं होतं.

ती साहेबांकडे गेली आणि छपाई थांबवा म्हणाली. साहेब चक्रावले. “अहो, पद्धत तुमचीच. आकडे चुकलेत का?”

“आकडे बरोबर आहेत साहेब. विचारलं ते एकाच बाजूच्या माणसांना. सांभाळणाऱ्या एकाही बाईला मी विचारलं नाही. रेकॉर्डरमध्येसुद्धा बोलतोय तो आपणच, त्या नुसत्या ‘हो हो’ करतायत.” हे बोलताना तिची मान वर होत नव्हती. “आमच्या चिमणीचं हाड मोडलं होतं आणि तिला ते सांगता आलं नाही. माझ्याकडे आली होती ती. मी हातमोजे दिले.”

साहेबांनी समोरचा छपाईचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, “विश्वस्तांना हे असंच सांगा. नाहीतर असं करा, तिलाच घेऊन या बैठकीला. हात बघतील तर कुणी छपाईचा आग्रह धरणार नाही.”

कोशबाईला ते एकदम पटलं. घरी जाताना तर तिच्या मनात भाषणही तयार होऊ लागलं.

तोवर घरी नवे धडे सुरू झाले होते. ‘मला दुखतंय’ चिमणीने दोन बैठकांत उचललं. ‘नको’पाशी मात्र ती तोंडावर हात ठेवून हसली. “हा आजींचा,” ती म्हणाली.

“तुझाही आहे,” कोशबाई म्हणाली होती. “सगळ्यांचाच आहे.” मग चहा पुढे करायची, उशी पुढे करायची, आणि चिमणी हसत हसत ‘नको, नको’ म्हणायची, खेळातलं म्हणतात तसं.

त्या संध्याकाळी कोशबाई तिच्याशेजारी बसली. “माझ्या ऑफिसात मोठी माणसं येणारेत. तू येशील माझ्याबरोबर? त्यांना हात दाखवायचा. काय झालं ते मी सांगेन. येशील ना?”

चिमणीने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं, ते ओढणीखाली घेतलं.

“नको,” ती म्हणाली. हसली नाही.

“अगं, पण थोडाच वेळ...” कोशबाईच्या तोंडून निघूनही गेलं. चिमणीचा चेहरा बदलला. ओठ हलले, आणि त्यांवर येऊ घातलेला शब्द कोशबाईला आधीच दिसला. इतक्या वेळा ऐकला होता तिने तो.

“राहू दे, राहू दे,” ती घाईघाईने म्हणाली. “बरं. माझं मी सांगेन.”

‘बरं’ हा शब्द तिने चिमणीच्या बोलायच्या रकान्यात घातला होता, अगदी वर. आज तो म्हणायची पाळी तिची स्वतःची होती.