परदेशी कळफलक

धुळ्याच्या त्या टंकलेखन परीक्षा केंद्रात बेबाबाई दुसऱ्यांदा येत होत्या, आणि तिसऱ्यांदा येण्याची सोय सरकारने ठेवलेली नव्हती. नवरा बन्सीलाल नोकरीत असताना गेला, त्याच्या जागी साक्रीच्या एका कचेरीत त्यांना अनुकंपेवर लिपिकाची जागा मिळाली. दोन वर्षांत इंग्रजी टंकलेखन पास व्हायचं, नाहीतर खुर्ची खाली करायची, ही अट नेमणुकीच्या कागदावरच होती. दोन वर्षं या महिनाअखेरीला भरत होती.

सहा महिन्यांपूर्वी त्या इथेच नापास झाल्या होत्या. वेग पुरेसा होता, मजकूरही नीट होता, पण निकालाच्या कागदावर ‘चिन्हांच्या चुका: सतरा’ असं आलं. मोठ्या साहेबांनी तो कागद सगळ्या कचेरीदेखत वाचला आणि वर म्हणाले, की बाई, या वयात बोटं वळत नाहीत, त्याला कोण काय करणार. बेबाबाईंचं वय बेचाळीस. पहाटे उठून दोन घरच्या भाकरी थापणारी, कांदे निंदणारी बोटं म्हणे वळत नाहीत. पण तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. चूक आपलीच असणार, असं त्यांनी मुकाट्याने धरून घेतलं. बायामाणसांना ही सवय आपण फार लहानपणापासून लावतो.

मग सहा महिने लेकीच्या, भूमिकाच्या, लॅपटॉपवर त्यांनी दोनच गोष्टी घोटल्या. शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबला की ॲटचं चिन्ह. शिफ्ट धरून एंटरशेजारचं बटण दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह. शंभर वेळा हे, शंभर वेळा ते. भूमिका म्हणायची, आई, आता झोपेतसुद्धा चुकणार नाहीस. आणि ते खरंच होतं.

केंद्र एका व्यापारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. मालक अभयकुमार शेठ, घराणं मूळचं राजस्थानातलं, खाली कापडाचं दुकान आणि वर ही संगणकांची खोली. परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखही तेच. खोलीवर देखरेख हेमराज नावाच्या पर्यवेक्षकाची. सकाळी मराठी टंकलेखनाची तुकडी बसली, ती उठल्यावर साडेअकराला त्याच यंत्रांवर इंग्रजीची बसली. बेबाबाईंना खिडकीकडचं नऊ नंबरचं यंत्र मिळालं.

टंकलेखनाची शिस्त अशी, की नजर कागदावर हवी. बोटाकडे बघायचं नाही, पडद्याकडेही बघायचं नाही, शिकवणारे पहिल्या दिवसापासून हेच डोक्यात भरतात. त्यात या परीक्षेचं सॉफ्टवेअर पडदाभर पसरलेलं, भाषा दाखवणारी खालची पट्टी झाकून टाकणारं, आणि एकदा उमटलेलं अक्षर मागे जाऊन खोडायची मुभा नाही. बेबाबाईंनी शहाण्या विद्यार्थिनीसारखी नजर कागदावर ठेवली आणि बोटं सोडली. उतारा एका कंपनीच्या पत्रव्यवहाराचा होता, त्यात ईमेलचे चार-पाच पत्ते आणि अवतरणातली बरीच वाक्यं. पहिलं पान संपलं, तेव्हा पान उलटताना नजर जराशी पडद्यावर गेली.

ईमेलच्या पत्त्यात ॲट नव्हता. तिथे अवतरणचिन्ह बसलं होतं, आणि जिथे अवतरण सुरू व्हायचं तिथे ॲट. sales"… असा पत्ता, आणि @Dear Sir@ असं वाक्य. पानभर हाच गोंधळ होता.

पण बेबाबाईंना कळलं, की हे बोट चुकल्याचं काम नाही. बोट चुकलं असतं तर कुठे एक पडलं असतं, कुठे तीन पडलं असतं. इथे तर प्रत्येक चूक सारखी होती, एका चिन्हाची जागा दुसऱ्याने घेतलेली. त्यांनी मुद्दाम शिफ्ट धरून दोन दाबलं. अवतरणचिन्ह आलं. एंटरशेजारचं दाबलं, ॲट आला. मग शिफ्ट आणि तीन. तिथे हॅशची चौकट यायला हवी होती, आली पाऊंडाची खूण, विलायतेच्या नोटांवर असते ती.

कचेरीत दिवसभर मराठी-इंग्रजी करणाऱ्या बाईला आणखी सांगायला नको. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. मराठी, मग इंग्रजी, पुन्हा मराठी. या यंत्रात मात्र इंग्रजी दोन होत्या, एक आपल्याकडच्या बटणांवर छापलेली अमेरिकी मांडणीची, आणि एक ब्रिटिश मांडणीची. अक्षरं दोन्हींत सारखीच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. चिन्हांच्या जागा तेवढ्या वेगळ्या. सकाळच्या मराठीवाल्यांनी उठताना भाषा फिरवली आणि यंत्र भलत्या इंग्रजीवर जाऊन थांबलं.

आणि मग त्यांना तो निकालाचा कागद आठवला, चिन्हांच्या चुका सतरा. मागच्या वेळीही मराठीच्या तुकडीनंतरच बसलो होतो. म्हणजे सहा महिने आपण ज्या बोटांना शिव्या घातल्या, ती बोटं निर्दोष होती. बेबाबाईंना रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. असा, की कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यांनी हात वर केला आणि हेमराजला सांगितलं, की यंत्रात चिन्हं उलटी येताहेत. हेमराज जागेवरूनच म्हणाला, की ताई, नाचता येईना अंगण वाकडं, वेळ जातोय, पुढे चला. दोन-तीन जण हसले. बेबाबाई उभ्या राहिल्या. अंगण वाकडंच आहे, या आणि बघा, असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की हसणारे थांबले.

हेमराज कुरकुरत आला. पडद्याकडे त्याने पाहिलंही नाही. एका हाताने टेबलाचा आधार घेतला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं सरळ ऑल्ट आणि शिफ्टवर नेली.

बेबाबाईंनी कळफलकावर आडवा हात ठेवला.

“थांबा. काय झालंय ते मी अजून सांगितलंच नाही. कुठली बटणं दाबायची हे तुम्हाला कसं कळलं?”

हेमराज हसला. त्यात काय एवढं, होतं असं कधी कधी, दोनदा दाबलं की जातं. तुम्ही हात काढा, मी करून देतो, वाया गेलेली पाच मिनिटंही वाढवून देतो. बेबाबाईंनी हात काढला नाही. मूर्खपणा वाटेल, पण त्या मूर्ख नव्हत्या. त्या दोन बटणांनी यंत्र एका क्षणात सुधारलं असतं, आणि मग चूक यंत्राची होती हे सांगायला जगात काही उरलं नसतं. पुन्हा सतरा चुका, पुन्हा न वळणारी बोटं.

“शेठना बोलवा,” त्या म्हणाल्या. “तोवर याला कुणी हात लावायचा नाही.”

अभयकुमार शेठ खालून दुकानातून आले. माणूस सभ्य, आवाज मऊ. त्यांनी विचारपूस केली, बेबाबाईंनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, तुमचा स्वतःचा ईमेल पत्ता टाका. शेठनी सवयीने टाकला. दोन क्षण ते पडद्यावरच्या आपल्याच पत्त्याकडे बघत राहिले. नावानंतर अवतरणचिन्ह. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग त्यांनी मान वळवून हेमराजकडे पाहिलं.

तेव्हा कुठे बाहेर पडलं. मागच्या दिवाळीत सगळ्या यंत्रांवर विंडोज नव्याने घातलं होतं. घालणाऱ्याने चार-पाच यंत्रांवर ब्रिटनची इंग्रजी ठेवून दिली, नंतर वर आपली टाकली, पण जुनी काढली नाही. मराठीची तुकडी उठली, की त्यातली एक-दोन यंत्रं हमखास भलतीकडे थांबतात. हेमराजला हे पहिल्या परीक्षेपासून माहीत होतं. सेटिंगमध्ये जाऊन ती भाषा काढून टाकायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण ऑल्ट-शिफ्ट दाबलं की भागतं, मग कशाला. आणि मग त्याने अगदी सहज, काही वावगं न वाटता, ते वाक्य उच्चारलं.

“जो ओरडतो त्याचं मी लगेच करून देतो ना, शेठ.”

जो ओरडतो त्याचं. आणि जो ओरडत नाही त्याचं? शिंदखेड्याहून, शिरपूरहून, पिंपळनेरच्या पाड्यांवरून पहाटेची एसटी धरून आलेली, साहेबाला बोलायची भीती वाटणारी, चूक आपलीच असेल म्हणून खाली मान घालून परत गेलेली माणसं? ती नापास. त्यांची बोटं वळत नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

शेठनी बेबाबाईंना बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. दोन नंबरचं यंत्र चांगलं आहे, आत्ता तिथे बसा, उतारा पहिल्यापासून टाका, केंद्रप्रमुख म्हणून तांत्रिक अडचणीचा वेळ देण्याचा अधिकार मला आहे. पास व्हाल, संध्याकाळच्या गाडीने घरी जाल. पण हे सगळं लेखी वर पाठवायचं म्हटलं, तर चौकशी लागेल, आजची अख्खी परीक्षा अडकेल. तुमची मुदत महिनाअखेरीची. तुमच्याच पायावर धोंडा पडेल, ताई.

हे खोटं नव्हतं. डोळ्यांपुढे ती कचेरीतली खुर्ची आली, भूमिकाचं कॉलेज आलं. दोन नंबरचं यंत्र पाच पावलांवर होतं.

इतक्यात मागच्या रांगेतून एक वयस्कर माणूस, एरंडोलचा रतिलाल, खुर्चीतूनच हळू आवाजात बोलला. त्याच्याही यंत्रावर पत्ते तसेच उमटत होते. तो मघापासून बघत होता, पण त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

बेबाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि शेठकडे वळल्या. आतापर्यंत जपून वापरलेली शहरी मराठी गळून पडली आणि तोंडात घरची अहिराणी आली.

“नही, शेठ. पहिले लिखा. मंग मी बसस.”

शेठनी पुन्हा एकदा समजावून पाहिलं. बेबाबाई हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी नाइलाजाने केंद्राचा छापील कागद मागवला, नऊ नंबरच्या पडद्याचा फोटो काढायला लावला आणि उभ्याउभ्याच लिहायला घेतलं. ‘आज रोजी एका उमेदवाराच्या यंत्रावर कळफलकाची मांडणी चुकून बदलल्याने...’ बेबाबाई खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी ‘एका’ या शब्दावर बोट ठेवलं, आणि ‘आज’वरही.

“दिवाळीपासून,” त्या म्हणाल्या. “आणि या यंत्रांवर चिन्हांच्या चुकांनी जेवढे नापास झाले, तेवढ्या बठ्ठासनी, सगळ्यांची, यादी जोडा.”

शेठ म्हणाले, की ताई, त्यांच्यातल्या एकानेही तक्रार केलेली नाही. कुणाचं नाव लिहू?

“पहिलं नाव मनं लिखा,” बेबाबाई म्हणाल्या. “मागला टाइमले मी गप बसनू.”

शेठनी दोन्ही शब्द खोडले आणि खाली एकचा आकडा घालून त्यांचं नाव लिहिलं. मग आज अडकलेला म्हणून रतिलालचं लिहिलं. तिसऱ्या आकड्यापुढे लेखणी थांबवून त्यांनी हेमराजला, कोण कुठल्या यंत्रावर बसलं ते लिहिलेली, जुनी हजेरीवही आणायला सांगितलं. ती येईपर्यंत बेबाबाई तिथेच उभ्या राहिल्या.