आरशाकडे पाठ

भावाच्या डोक्यात जे काही झालं होतं ते गांजामुळेच झालेलं असावं, असं ताईला अगदी मनापासून वाटत होतं. गांजाशी भांडता येतं. गांजा देणाऱ्याची कॉलर धरता येते, भावाच्या खिशांची झडती घेता येते, आईची शपथ घालता येते. पण तो दुसरा आजार असला तर? ताईचा मामा त्या दुसऱ्या आजारात उभं आयुष्य मागच्या खोलीत बसून राहिला होता. ताट दाराशी ठेवायचं आणि पाहुणे आले की दार ओढून घ्यायचं, एवढंच तिला मामाबद्दल आठवत होतं. म्हणून गांजाच असू दे, असं ती चष्म्याच्या दुकानात काचा पुसता पुसता शंभरदा मनाशी म्हणायची.

भाऊ म्हणजे छोटू. नावालाच छोटू, चांगला पंचविशीचा घोडा झालेला. सलूनमध्ये काम करायचा आणि कात्रीवर त्याचा असा हात बसलेला की लोक त्याच्यासाठी खोळंबून राहायचे. एके दिवशी सकाळी त्याने सलूनमधल्या सगळ्या आरशांवर ओले टॉवेल टाकले, "आधी यांना गप्प करा!" म्हणून ओरडत सुटला, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून पळालं. सलूनच्या मालकाने छोटूला गाडीत घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. गिऱ्हाइकाच्या उरलेल्या अर्ध्या दाढीचं पुढे काय झालं, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

मानसोपचार विभागातली डॉक्टरीणबाई वयाने ताईएवढीच असेल. बोलायला मऊ, पण प्रश्न अर्धवट सोडत नसे. तिने छोटूचं रक्त तपासलं, लघवी तपासली. लघवीत गांजा निघाला, उत्तेजक गोळ्यांचं काही निघालं नाही.

"बघा! गांजाच!" ताई जवळजवळ आनंदाने म्हणाली.

"गांजा ओढलाय, एवढंच यावरून कळतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्याला आरशातले आवाज गांजामुळे ऐकू येतात की नाही, हे लघवी कशी सांगेल? त्यासाठी आधी काय सुरू झालं आणि मागून काय आलं, ते बघावं लागतं. आज मी त्याला झोप लागेल, भीती कमी होईल असं औषध सुरू करते. आजाराचं नाव मात्र आज लिहीत नाही."

मग तिने एक कोरा कागद आडवा धरला आणि मधोमध रेघ ओढली. "तारखा कुणालाच आठवत नाहीत, म्हणून मी विचारतही नाही. प्रसंग सांगा," ती म्हणाली. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, सलूनची रंगरंगोटी, घरमालकाशी झालेलं भांडण, सगळं त्या रेघेवर ओळीने बसलं. छोटूला तिने एकट्याला वेगळं विचारलं, आईला वेगळं, ताईला वेगळं. काय ओढायचा, किती, रोज की अधूनमधून, शेवटचं कधी, सोबत दारू किंवा गोळ्या होत्या का. पोलिसांच्या भीतीने छोटू आधी तोंड उघडेना. हे उपचारासाठी आहे, पोलिसांसाठी नाही, असं तिने समजावलं तेव्हा कुठे तो बोलला.

गांजा पुरवणारा सलूनशेजारच्या मोबाईलच्या दुकानातला पोरगा. सगळी गल्ली त्याला वायफाय म्हणायची, कारण तो कुठेही बसला तरी चार जण त्याच्याभोवती गोळा व्हायचे. ताईने त्याला अक्षरशः दंडाला धरून डॉक्टरीणबाईसमोर उभा केला. बिचारा रडकुंडीला आला होता, पण खरं बोलला. दुकान उघडलं तेव्हापासून छोटूशी ओळख, त्याआधी छोटूने गांजाला हात लावलेला नव्हता. शेवटी शेवटी रोज ओढायचा. गोळ्या कधीच नाहीत. आणि दुकान उघडलं ते आईच्या ऑपरेशननंतर. रेघेवर गांजाची खूण ऑपरेशनच्या पुढे पडली.

"त्याआधी छोटू कसा होता?" डॉक्टरीणबाईने आईला विचारलं.

"आधी? आधी तर फार सुधारला होता हो! भटकणं बंद, मित्र बंद. काम एके काम आणि घरी येऊन गप्प बसायचा."

"गप्प म्हणजे कसा?" तिने खोदून विचारलं.

"शहाण्यासारखा," आई म्हणाली, आणि पुढे काही सांगेना. घराण्यात कुणाला असा त्रास होता का, यावर तिने ताईकडे न बघता मान हलवली. "कुणालाही नाही."

मामाला रेघेवर कशाला आणायचं, असं ताईला वाटलं.

औषध लागू पडलं. छोटू झोपायला लागला, जेवायला लागला, घरी आला. मध्ये तिसऱ्या आठवड्यात लघवीत पुन्हा गांजा दिसला आणि आईने घर डोक्यावर घेतलं. छोटू शपथेवर सांगत होता, पण ऐकतंय कोण! डॉक्टरीणबाईने फोनवरच आईला शांत केलं. रोज ओढणाऱ्याच्या अंगातल्या चरबीत गांजा मुरलेला असतो, तो आठवडे आठवडे झिरपत राहतो, आणि प्रमाण उतरतंय म्हणजे पोरगा खरं बोलतोय. आईने रागाच्या भरात टाकून दिलेली छोटूची आवडती टोपी कचऱ्यातून काढून गुपचूप धुतली.

पुढची तपासणी कोरी आली. आवाजही थांबले होते. औषध चालू असताना आवाज थांबले, म्हणून तेवढ्यावरून काही ठरत नाही, हे डॉक्टरीणबाईने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. "पण रेघेवर गांजा आधी आणि आवाज नंतर हे पक्कं राहिलं, तर औषध हळूहळू, माझ्या नजरेखाली उतरवत नेऊ. उद्या या. सगळं शेवटचं पुन्हा एकदा बघू." त्या संध्याकाळी घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. ती आई होती.

आणि नेमके तेव्हाच सलूनचे मालक छोटूला भेटायला आले. भला माणूस, पिशवीभर फळं घेऊन आला.

"लवकर ये रे बाबा," ते छोटूला म्हणाले. "गिऱ्हाइकं तुझ्या त्या उलट्या खुर्चीची आठवण काढतात."

"उलटी खुर्ची कसली?" ताईने विचारलं.

"अगं, हा खुर्ची आरशाकडे पाठ करून फिरवायचा! केस कापून पूर्ण झाले की मग गिऱ्हाइकाने आरशात बघायचं. लोक खूश! मी म्हटलं, पोराने काय शक्कल काढलीय. ही फॅशन मी बाकीच्यांनाही करायला लावणार होतो."

मालक हसले. ताईही हसणार होती, तेवढ्यात तिला आठवलं. ती उलटी खुर्ची तिने पाहिली होती. ती स्वतः आईला केस कापायला घेऊन गेली होती, तेव्हा छोटूने खुर्ची फिरवली आणि आई म्हणाली होती, "फिरव हवी तिकडे, मला समोरचं माणूस दिसेना, आरसा काय दिसणार!" तिघंही पोट धरून हसली होती. आईला दिसत नव्हतं, म्हणजे ऑपरेशन व्हायचं होतं. म्हणजे मोबाईलचं दुकान नव्हतं, वायफाय नव्हता, गांजा नव्हता. पण आरसा छोटूला तेव्हाच नको झाला होता.

त्या रात्री ताईने जेवणात मीठ दोनदा घातलं. सांगितलं नाही तर काय बिघडणार होतं? उद्या औषध उतरायला लागेल, आई गुणगुणत राहील. सांगितलं तर मागची खोली. तिला छोटूचा राग आला, मालकांचा आला, त्यांच्या फळांचाही आला. मग दुकानात ती रोज गिऱ्हाइकांना काय म्हणते ते तिला आठवलं. काच बदलत बदलत ती विचारायची, आता नीट दिसतं की मघाशी? आणि लोक संकोचाने खोटं बोलले की चष्मा चुकायचा, डोकं मात्र त्यांचंच दुखायचं.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईला उलट्या खुर्चीचं सगळं सांगितलं. आणि श्वास न घेता मामाचंही सांगितलं.

"तुला कुणी विचारलं होतं?" आई कळवळून ओरडली. "झालं होतं ना सगळं नीट!"

डॉक्टरीणबाईने छोटूला एकट्याला आत घेतलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण खांदे सैल झाले होते. आरशातली माणसं कितीतरी आधीपासून त्याच्या हातांबद्दल बोलायची, कात्री चुकेल म्हणून हसायची. म्हणून तो घरी येऊन गप्प बसायचा, म्हणून मित्र तोडले. गांजा ओढला की ती क्षणभर दूर जायची, आणि मग दुप्पट जोराने परत यायची.

डॉक्टरीणबाईने रेघेवर नवी खूण केली, ऑपरेशनच्याही आधी. "आजार आधीचा आहे. गांजाने तो भडकवला, पण आणला नाही," ती म्हणाली. "म्हणजे गांजा कायमचा बंद आणि औषध चालू. ते आज उतरवलं असतं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा सगळ्या आरशांवर टॉवेल पडले असते."

"म्हणजे माझ्या भावासारखं," आई पुटपुटली. तिच्या तोंडून मामाचा उल्लेख ताईने प्रथमच ऐकला.

"तुमच्या भावाला औषध कोणतं दिलं होतं?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "औषध नाही दिलं," ती म्हणाली. "मागची खोली दिली."

"मग त्याच्यासारखं कसं होईल?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "हा लवकर सापडलाय. औषध लागू पडलंय. कामावर जाईल. किती वर्षं घ्यायचं ते आपण सगळे मिळून ठरवत जाऊ, पण आज थांबवायचं नाही, एवढं नक्की." आई मग मोकळेपणाने रडली, आणि रडून झाल्यावर मामाबद्दल आपणहून बोलत राहिली. तो पेटी वाजवायचा, हे ताईला ठाऊकच नव्हतं.

छोटू पुन्हा कामावर गेला, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. ताई मुद्दाम दुपारी गेली, गर्दी नसते म्हणून. ती खुर्चीत बसली. सवयीने त्याचा हात खुर्ची फिरवायला गेला आणि मध्येच थांबला. मग त्याने खुर्ची सरळ केली, आरशासमोर. दोघंही आरशात दिसत होती, तो मागे उभा, हातात कंगवा.

"गप्प आहेत?" ताईने हळूच विचारलं.

"आहेत."

"आणि पुन्हा बोलली तर?"

"तर आधी तुला सांगीन," छोटू म्हणाला. "आता मान खाली घाल, नाहीतर मागचे वाकडे होतील आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडशील."

ताईने मान खाली घातली. केस वाकडे झाले असते तरी तिला चाललं असतं, पण ते वाकडे झाले नाहीत.