कच्चा लिंबू, दोन

तिला घरात सगळे मुकादम म्हणायचे. तीन भावंडांत ती मधली. कुणी कुठे झोपायचं, कुणाच्या गाडीत कोण बसायचं, सगळं तीच ठरवायची आणि वर बोलणीही तीच खायची. दोन दिवसांच्या सुट्टीला अख्खं घर एकत्र जमणार होतं. लहानथोर मिळून दहा जण. त्या दहा जणांना एका टेबलाभोवती बसवेल असा खेळ आणायचं काम साहजिकच तिच्या गळ्यात पडलं होतं.

खरं सांगायचं तर दहा जणांचं तिला फारसं पडलेलं नव्हतं. तिला बसवायचे होते ते एकटे बाबा.

या घरात सगळ्यांना खेळायला शिकवलं ते बाबांनीच. आता त्यांचा हात कापतो आणि विचारालाही जरा वेळ लागतो. मागे एकदा फाशांच्या खेळात त्यांच्या हातून सोंगट्या सांडल्या, तेव्हा दादा सहज बोलून गेला होता, "जाऊ दे, बाबांना कच्चा लिंबू धरा." कच्चा लिंबू म्हणजे ज्याला खेळात घेतात पण मोजत नाहीत तो, एरवी शेंडेफळ. दादाच्या मनात काही नव्हतं. त्याला आपली घाई, आणि ती त्याला जन्मापासूनच. पण बाबांनी ऐकलं, हातातला फासा खाली ठेवला आणि उठले. त्यानंतर ते कुठल्याच खेळाला बसले नाहीत. दुसऱ्या खोलीतून आपल्या पोरांचं हसणं ऐकत बसायचे.

खेळांच्या दुकानात शिरताच तिचे डोळे दिपले. छतापर्यंत खोकी होती. तिने सरळ सगळ्यात मोठं खोकं उचललं. त्यावर किल्ले होते, जहाजं होती, सोन्याच्या मोहरा होत्या.

"किती जण आहात?" दुकानदारबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"दहा."

"हा पाच जणांचा आहे. आणि खोक्यावरचा वेळ नियम पाठ असलेल्यांसाठी असतो. तुम्हाला यात अख्खी दुपार जाईल."

तिने दुसरं खोकं काढलं. बाईंनी मान हलवली. "यात माणसं एकेक करून बाद होतात. तुमच्याकडे बाद झालेला माणूस काय करतो?"

"भाचा फोन काढतो. सहा वर्षांची भाची लवंगी रडते."

"आणि सगळ्यात आधी कोण उठतं?"

"दादा. स्वतःची पाळी येईपर्यंत त्याला दम निघत नाही." ती थांबली. मग म्हणाली, "आणि बाबा तर बसतच नाहीत." आणि त्या अनोळखी बाईंना तिने कच्च्या लिंबाची सगळी कथा सांगून टाकली.

बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "म्हणजे वय, माणसं, वेळ हे सगळं नंतरचं. ज्यात कुणाला कच्चा लिंबू धरताच येणार नाही असा खेळ तुम्हाला हवाय." त्यांनी फळीवरून एक लहानसं खोकं काढलं आणि दुकानातल्या नमुन्याची चित्रं गल्ल्यावर मांडली. "दोन संघ. माणसं कितीही चालतात. प्रत्येक संघाचा एक सांगणारा असतो. कुठली चित्रं कुणाची, ते फक्त त्या दोघांना माहीत असतं. त्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. 'पाणी, तीन' म्हटलं की संघाने आपापसांत बोलून पाण्याशी जुळणारी तीन चित्रं ओळखायची. बरोबर निघालं की सांगणारा त्यावर संघाचा पत्ता ठेवतो. चुकलं की पाळी गेली. आणि त्यांतलं एक चित्र 'काळं' ठरलेलं असतं, तेही फक्त सांगणाऱ्यांनाच ठाऊक. त्याला बोट लागलं की खेळच हरला. वाचायला काही नाही, फासे नाहीत, हातातून सांडायलाही काही नाही."

"आणि दादा?"

"समोरचा संघ रेंगाळला की उलटायला यात वाळूचं घड्याळ आहे. ते त्यांच्या हातात द्या."

मुकादम घरी आली ती जवळजवळ धावतच. इतका आनंद तिला स्वतःचं घर घेतानाही झाला नव्हता.

सुट्टीच्या पहिल्याच दुपारी मोठ्या खोलीत टेबल लागलं. बाबा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. पहिला डाव सुरू झाला आणि दादाने कुणाला विचार करू न देता धपकन बोट ठेवलं ते थेट काळ्या चित्रावर. सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"अति घाई संकटात नेई," पेपरामागून आवाज आला.

मुकादमने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बाबांनी पेपर पुन्हा वर केला असता. लवंगी मात्र उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "आजोबा, आमच्या संघाला सांगणारा हवाय."

"मला कच्चा लिंबू धराल."

"यात तो नसतोच. मीसुद्धा पक्की आहे," लवंगी म्हणाली आणि तिने त्यांचा पेपर घडी करून टाकला.

बाबा आले. मुकादमचा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा अजून वरच होता, कारण बाबा विचार करायला वेळ घेत होते आणि समोरच्या संघातला दादा हातातलं घड्याळ गुपचूप आडवं धरून बसला होता.

बाबांच्या ते लक्षात आलं. "घड्याळ उलट," ते म्हणाले. "माझ्यासाठी वाळू थांबवू नकोस."

दादाने मुकाट्याने घड्याळ उलटं केलं. वाळू संपायच्या आत बाबांनी शब्द दिला. पुढच्या खेपेलाही दिला. बघता बघता डाव असा रंगला की भाच्याचा फोन उशीखाली वाजत राहिला आणि त्याने तो पाहिलाही नाही. समोरच्यांचं एकच चित्र उरलं होतं, बाबांच्या संघाची दोन. आता एका शब्दात दोन्ही साधली नाहीत, तर खेळ संपलाच.

बाबांनी टेबलावरून सावकाश नजर फिरवली. वाळूचे शेवटचे कण पडत असताना ते म्हणाले, "कच्चा लिंबू, दोन."



"हे दोन शब्द झाले," दादाच्या संघातला भाचा कुरकुरला. त्याच संघातल्या वहिनीनेही मान डोलावली. अशा वेळी निकाल समोरच्या संघाने द्यायचा असतो, आणि त्या संघाचा म्होरक्या दादा होता. तो बाबांकडे बघत राहिला. आपणच कधी तरी हा शब्द कसा फेकला होता ते त्याला आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"एकच आहे," तो म्हणाला. "खेळा."

टेबलावर एक गोल, पिवळंधमक फळ होतं. मुकादमचं बोट आपसूक तिकडे निघालं.

"थांब ना आत्या," लवंगीने तिचा हात धरला. "ते पिवळं आहे. म्हणजे पिकलेलं." ती टेबलावर कोपरं टेकून एकेक चित्र पाहू लागली. एका चित्रात बदकांची रांग होती आणि खूप मागे राहिलेलं एक पिल्लू. तिने त्यावर बोट ठेवलं. बरोबर होतं. मग ती पुन्हा पहिल्यापासून एकेक चित्र पाहू लागली. कुणी घाई केली नाही, दादानेसुद्धा नाही. शेवटी तिने कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या एका जुन्या झाडावर बोट टेकवलं. "हे पण. सगळी झाडं आत आहेत आणि याला बाहेर ठेवलंय."

बाबांनी आपल्या कापऱ्या हाताने त्या झाडावर संघाचा शेवटचा पत्ता ठेवला. पत्ता जरा तिरका पडला. तो सरळ करायला कुणीच हात पुढे केला नाही.

मग झालेला आरडाओरडा शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल. पिवळं फळ हेच ते काळं चित्र होतं हे कळल्यावर मुकादमच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले, आणि ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

दादा तेवढ्यात पत्ते पिसूनही मोकळा झाला होता. "पुन्हा. या डावाला मी बाबांच्या संघात."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "घेऊ," ते म्हणाले. "पण तुला कच्चा लिंबू धरावं लागेल."

"धरा," दादा म्हणाला आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला.